अर्ज केल्यावर थेट मॅनेजरला मेल करताय? मग या चुका टाळा

चाकणच्या पट्ट्यात ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळताना गेली काही वर्षं मीच माझ्या टीमसाठी माणसं निवडतो आहे. जागा निघाली की पोर्टलवर अर्ज येतात, आणि त्यांतले काही जण मला शोधून वेगळा मेलही टाकतात. हे मेल मी वाचतो. तरी बहुतेक वाया जातात, आणि बऱ्याचदा त्यात मुलाच्या कुवतीचा काही संबंध नसतो. आपला मेल वाचणारा माणूस पुढे त्याचं काय करतो, हेच लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

माझ्या बाजूने हे असं दिसतं. पोर्टलवरचे सगळे अर्ज माझ्याकडे येत नाहीत. एचआर त्यातून चाळून आठ-दहा रेझ्युमे पाठवतं आणि मी तेवढेच बघतो. बाकीचे सिस्टीममध्ये पडून राहतात. तुमचा मेल आला आणि पटला, तर मी एकच गोष्ट करतो: तो एचआरला फॉरवर्ड करतो आणि वर एक ओळ लिहितो, "याचा अर्ज काढून बघा." बस. म्हणजे मेल मला उद्देशून असला, तरी तो एचआरच्या हातात जसाच्या तसा जाणार आहे. फॉरवर्ड करण्याजोगा मेल लिहायचा आहे, एवढं डोक्यात ठेवलं तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

जॉब आयडी नाही, अर्जही नाही

सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक. विषयाच्या जागी नुसतं "जॉब" किंवा "रेझ्युमे", आणि आत "आपल्याकडे जी जागा असेल ती". एकाच वेळी आमच्याकडे चार-पाच पदं उघडी असतात. कुठल्या पदाबद्दल बोलताय हे मीच शोधत बसायचं का? पोर्टलवर पदासोबत जॉब आयडी असतो, तो विषयातच टाका आणि अर्ज कोणत्या तारखेला केला तेही लिहा. एचआर त्या आकड्यानेच तुमचा अर्ज हुडकतं.

अर्ज न करताच मला मेल टाकला, तर मी म्हणणार "आधी पोर्टलवर भरा", आणि तिथेच विषय संपला. आधी अर्ज, मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेल. तीन आठवड्यांनी लिहिलंत, तर कदाचित इंटरव्ह्यू उरकलेले असतील.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. त्या कंपनीत तुमचा ओळखीचा कोणी असेल, तर अर्ज करण्यापूर्वी त्याला विचारा. उमेदवाराने स्वतः अर्ज भरला की नंतरचं रेफरल बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. मॅनेजरला मेल हा ओळख नसलेल्यासाठीचा रस्ता आहे.

चुकीच्या माणसाला लिहिणं

प्लांट हेडला किंवा थेट एमडीला मेल टाकला की वरून दबाव येईल, असं काहींना वाटतं. येत नाही. तो मेल एक तर उघडला जात नाही, किंवा "प्लीज सी" एवढंच लिहून चार पायऱ्या खाली घरंगळत येतो. लिहायचं त्याला, ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार. जाहिरातीत "रिपोर्टिंग टू" लिहिलेलं असेल तर तो हुद्दा धरा. लिंक्डइनवरच्या काही जाहिरातींत निवड करणाऱ्या माणसाचं नावच दिलेलं असतं. नसेल तर कंपनीच्या पानावर त्या विभागाचे आणि त्याच गावचे लोक शोधा. दोन नावं सापडली आणि नेमका कोण ते कळत नसेल, तर एकालाच लिहा. दोघांनाही तोच मेल गेला की आम्ही कँटीनमध्ये तो एकमेकांना दाखवतो. गंमत म्हणून.

रेझ्युमेच पुन्हा परिच्छेदात

इथे जरा थांबू, कारण खरा फरक इथेच पडतो. गेल्या वेळी क्वालिटी इंजिनिअरची जागा होती. जाहिरातीत आम्ही स्पष्ट लिहिलं होतं: अॅल्युमिनिअम डाय कास्टिंग, लीक टेस्टमधलं रिजेक्शन कमी केल्याचा अनुभव. एका मुलाचा मेल आला. तोही इतरांसारखाच इंग्रजीत होता, त्याचा मराठी मथितार्थ असा:

"आदरणीय सर, मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये काम करणारा इंजिनिअर आहे. मला क्वालिटीचा चार वर्षांचा अनुभव आहे. ८डी, पीपॅप, एमएसए, एसपीसी येतं. आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन. रेझ्युमे सोबत जोडला आहे. कृपया विचार व्हावा."

यात खोटं काही नाही, पण हे कुठल्याही कंपनीला, कुठल्याही पदासाठी पाठवता येईल. फॉरवर्ड करताना मी वर काय लिहू? "हा मेहनती आहे" असं? आम्ही लीकेजचा माणूस शोधत होतो आणि त्या शब्दाचा पत्ताच नव्हता. मी पुढे सरकलो.

त्याच आठवड्यात शिरवळच्या बाजूने दुसरा मेल आला. विषयात पद, जॉब आयडी, अर्जाची तारीख आणि "डाय कास्टिंग, लीक टेस्ट" एवढे शब्द. आत साधारण असं:

"नमस्कार सर, वरील पदासाठी काल पोर्टलवर अर्ज केला आहे. जाहिरातीत लीक टेस्टचा अनुभव मागितला आहे, म्हणून लिहितोय. सध्याच्या कामात एका हाउसिंगचं लीक रिजेक्शन ४ टक्क्यांच्या वर होतं. भाग कापून पाहिले तर गॅस पोरॉसिटी एकाच बाजूला सापडत होती. त्या बाजूचे डायचे एअर व्हेंट स्प्रेच्या थराने बुजत होते. व्हेंट साफ करणं शिफ्टऐवजी शॉटच्या आकड्याला बांधलं. तीन महिन्यांत रिजेक्शन दीड टक्क्याच्या खाली आलं. तपासणी आणि ८डी माझ्याकडे होतं, डायमधले बदल टूलरूमने केले. नोटीस पीरियड ६० दिवस, अर्जात दिल्याप्रमाणे."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. मोबाइलवर एका स्क्रीनमध्ये मावलं. शेवटून दुसऱ्या वाक्याने मला पकडलं. डायमधले बदल टूलरूमने केले, हे त्याने स्वतःहून सांगितलं. सगळं मीच केलं म्हणणारे पोत्याने मिळतात. चार वर्षांच्या इंजिनिअरला डायला हात लावू देत नाहीत हे आम्हाला माहीत असतं, त्यामुळे तसं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. मी मेल फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं, "लीकेजवर काम केलंय, बोलावून घ्या."

आपला मेल पहिल्या जातीचा आहे की दुसऱ्या, हे पाठवण्याआधी तपासता येतं. कंपनीचं नाव बदलून तो शेजारच्या कारखान्याला पाठवता येतोय का बघा. येत असेल, तर जाहिरातीतली सर्वांत खास ओळ निवडा आणि फक्त तिच्यावर तुमचा एक अनुभव लिहा: काय बिघडलं होतं, कारण काय सापडलं, तुमचा हात कुठपर्यंत होता, शेवटी किती फरक पडला. दुसरा अनुभव नको. तो इंटरव्ह्यूसाठी ठेवा.

हुशारी दाखवताना गुपित उघडं करणं

चांगली मुलं इथे घसरतात. अनुभव ठोस दिसावा म्हणून गिऱ्हाईक कंपनीचं नाव, पार्ट नंबर, खराब पार्टचे फोटो, कधी तर अख्खा ८डी रिपोर्ट जोडतात. एकाने पाठवलेल्या फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग होतं. मी ती बंद केली आणि त्याला बोलावलं नाही. आज यांचं ड्रॉइंग मला पाठवणारा उद्या आमचं दुसऱ्याला पाठवील. शिवाय अशी फाइल माझ्या मेलबॉक्समध्ये असणं हीच माझ्यासाठी भानगड. "एका हाउसिंगचं" एवढं पुरतं. टक्केवारी द्यायलाही मन कचरत असेल, तर "निम्म्याहून कमी झालं" म्हणा.

अर्जात एक, मेलमध्ये दुसरं

पोर्टलच्या फॉर्ममध्ये नोटीस पीरियड ३० दिवस आणि मेलमध्ये ६०, हे मी पुष्कळदा पाहिलंय. फॉर्म भरताना पुढे जावं म्हणून ३० टाकलेले असतात. मेल फॉरवर्ड झाला की एचआर दोन्ही शेजारी ठेवून बघतं, आणि पहिला फोन खुलाशातच जातो. पदनाम आणि वर्षांचंही तसंच. पगाराचा आकडा मात्र मॅनेजरला लिहूच नका. तो विषय एचआरचा.

रेझ्युमे जोडायचा का? जोडा, पण अर्जात टाकलेलाच, पीडीएफमध्ये आणि तुमच्या नावाने. `Resume_final_new2.pdf` अशी फाइल फॉरवर्ड करताना मलाच लाज वाटते.

एकाच दिवशी चारी बाजूंनी

सकाळी मेल, दुपारी लिंक्डइनवर रिक्वेस्ट, संध्याकाळी कुठून तरी नंबर मिळवून व्हॉट्सअॅपवर "गुड इव्हनिंग सर". हा पाठलाग झाला. एकच रस्ता निवडा. मेलचा पत्ता मिळत नसेल तर लिंक्डइन, पण फुकटच्या खात्यावरून रिक्वेस्टसोबत २०० अक्षरांचीच चिठ्ठी जाते आणि महिन्याला अशा मोजक्याच पाठवता येतात. त्यात पद, जॉब आयडी आणि एक वाक्य बसतं. बाकीचं रिक्वेस्ट स्वीकारल्यावर.

उत्तर आलं नाही तर आठवडाभराने त्याच मेलखाली एकदा, दोन ओळींत विचारा. मग सोडून द्या. मेल परत आला असेल तर पत्ता चुकलाय, तो उत्तर न येण्यात धरू नका. "कृपया पोर्टलवर अर्ज करा" असं उत्तर आलं, तर बहुधा मेल नीट वाचलाच गेला नाही. अर्ज झाल्याची तारीख आणि आयडी एका ओळीत कळवा आणि थांबा.

जिथे लिहायचंच नाही

सरकारी भरती आणि सार्वजनिक उपक्रम. तिथल्या जाहिरातींत, कोणत्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल अशी अट नेहमी असते. तुमचा सरळ हेतूचा मेलही त्यात धरला जाऊ शकतो.

दुसरं, कन्सल्टन्सीमार्फत अर्ज गेला असेल तर. तुमचं नाव त्यांनी आधी दिलंय आणि मग तुम्ही थेट आलात, की फी कोणाची यावर वाद होतो. तो टाळायला कंपनी कधी कधी उमेदवारच बाजूला ठेवते. काही विचारायचं तर कन्सल्टंटलाच विचारा.

आणि मेल लागू पडला, तर फोन माझा येणार नाही, एचआरचा येईल. पहिला प्रश्न हमखास असतो: "सरांना तुम्ही ओळखता का?" शिरवळच्या मुलाने सांगितलं, "नाही मॅडम, अर्ज केल्यावर मेल केला होता," आणि विचारायच्या आधीच जॉब आयडी दिला.