उन्हाळ्यात ॲल्युमिनियमचा लांब जॉब मोजण्याआधी काय काय तयार ठेवायचं

मे महिना, शॉपमध्ये ३४ डिग्री, ६०६१ ॲल्युमिनियमची प्लेट, ड्रॉइंगवर लांबी ८०० आणि टॉलरन्स प्लस-मायनस ०.०५. हजार मिमीच्या स्टीलच्या व्हर्नियरने मोजली तर रीडिंग आलं ८००.१२. आता कोणीही म्हणेल जास्त आहे, काढा अजून. आम्ही पण तेच केलं होतं एकदा, बारा शतांश काढले, रीडिंग अगदी ८००.०० आणलं आणि खुशीत पाठवून दिली. समोरच्यांच्या एसी रूममध्ये २० डिग्रीला ती भरली ७९९.८६, प्लेट रिजेक्ट. व्हर्नियर बरोबर होता, मोजणाऱ्याचा हातही बरोबर होता, फक्त तापमानाचा हिशोब कोणी केला नव्हता. तेव्हापासून मोजायच्या आधी काय काय हाताशी ठेवायचं हे ठरवून टाकलंय, तेच सांगतो.

पहिलं म्हणजे ड्रॉइंग नीट बघा, मटेरियल काय आहे आणि तापमानाबद्दल वेगळं काही लिहिलंय का. काही लिहिलं नसेल तर सगळी मापं २० डिग्री सेल्सिअसची धरायची, आयएसओ १ हे स्टँडर्ड तेच सांगतं. (हे २० आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३१ साली ठरलं, त्याआधी मीटर शून्य डिग्रीला धरायचा आणि इंग्रजांचा यार्ड ६२ फॅरनहाइटला, म्हणजे आपण सुखी आहोत म्हणायचं.) म्हणजे तुमच्या शॉपमध्ये आत्ता प्लेट किती लांब आहे याच्याशी ड्रॉइंगला काही घेणंदेणं नाही, २० ला ती किती असेल तेवढंच विचारलंय.

दुसरं, स्केल किंवा व्हर्नियर कशाचा आहे ते माहीत पाहिजे. त्याच्या खुणा पण २० डिग्रीलाच बरोबर असतात, शॉप तापलं की स्टील पसरतं, खुणा एकमेकींपासून लांब जातात आणि स्केल खरं माप कमी दाखवतो. जॉब तापला की उलटं, जॉबच मोठा होतो आणि रीडिंग जास्त येतं. दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध, म्हणून स्टीलचा जॉब स्टीलच्या स्केलने मोजला आणि दोघं एकाच तापमानाला असले तर चुका जवळजवळ कटतात, आणि म्हणूनच स्टीलवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हा प्रॉब्लेम कधी दिसतच नाही. ॲल्युमिनियम आलं की दिसतो. स्टील साधारण ११.५ मायक्रॉन पसरतं, दर मीटरला दर डिग्रीला, आणि ६०६१ ॲल्युमिनियम २३.६, म्हणजे दुप्पट. आणि "स्टेनलेस म्हणजे स्टीलच की" असं धरून चालू नका, ३०४ चा जॉब १६-१७ च्या आसपास पसरतो.

तिसरं थर्मामीटर, आणि इथे सगळ्यात जास्त गडबड होते. इन्फ्रारेड गन घेऊन चकाचक ॲल्युमिनियमवर मारू नका, चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो, त्यामुळे गन जो आकडा दाखवेल तो प्लेटचा असेलच असं नाही. टेकवायचा प्रोब पाहिजे, ०.१ डिग्री दाखवणारा, आणि प्लेटच्या दोन टोकांना नि मध्ये असा तीन ठिकाणी टेकवायचा. एका बाजूला खिडकीतलं ऊन येत असेल तर तिथेच कळतं. व्हर्नियरच्या बीमला पण टेकवा, भिंतीवरच्या घड्याळासारख्या थर्मामीटरवर हवेचं तापमान बघून स्केलचं धरू नका.

चौथं म्हणजे वेळ, आणि वेळच कोणी देत नाही. मशीनवरून काढलेला जॉब आणि कपाटातला व्हर्नियर दोन्ही सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी ठेवून द्या, जाड प्लेट असेल तर दोन-चार तास लागू शकतात. झालं का हे घड्याळावरून नाही ठरवायचं, अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजा, रीडिंग सरकत असेल तर अजून थांबा. घाई केली तर किती फरक पडतो ते बघा, वरचीच प्लेट ३८ डिग्रीला आणि व्हर्नियर ३४ ला असला तर नुसत्या त्या चार डिग्रीचेच ७५ मायक्रॉन होतात, म्हणजे टॉलरन्सची एक अख्खी बाजू गेली. व्हर्नियर छातीशी धरून गप्पा मारत उभं राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

आता हिशोब, हा कागदावर आधीच लिहून ठेवा म्हणजे ऐनवेळी प्लस-मायनसची उलटापालट होत नाही:

```
L20 = R × [1 + αs(Ts − 20) − αw(Tw − 20)]
```

R म्हणजे वाचलेलं रीडिंग, T म्हणजे तापमान, α म्हणजे वरचा पसरणाचा आकडा भागिले दहा लाख, s वाली अक्षरं स्केलची, w वाली जॉबची. आमच्या प्लेटचं करून बघू, दोघंही ३४ ला म्हणजे २० पेक्षा १४ वर. स्केलचे ०.८ मीटर गुणिले १४ गुणिले ११.५, साधारण १२९ मायक्रॉन, हे मिळवायचे. प्लेटचे ०.८ गुणिले १४ गुणिले २३.६, साधारण २६४, हे वजा. निव्वळ १३५ मायक्रॉन कमी, म्हणजे ८००.१२ चं २० डिग्रीला होतं ७९९.९८ च्या जवळपास. प्लेट पहिल्यापासून पास होती, आम्हीच कापून वाट लावली. चिन्ह बरोबर आहे का याची खात्री अशी करायची, गरम ॲल्युमिनियम स्टीलने मोजलं तर दुरुस्त केलेला आकडा रीडिंगपेक्षा लहानच यायला हवा. मोठा आला तर तुम्ही उलटं केलंय.

पण या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही आधीच ठरवा. प्लेटचं तापमान एक डिग्रीने चुकलं की १९ मायक्रॉन गेले. पसरणाचा आकडा पुस्तकातला आहे, तुमच्या प्लेटचा एखादा मायक्रॉन इकडेतिकडे असू शकतो, त्याचे अजून ११. त्यात व्हर्नियरचा लीस्ट काउंटच २० मायक्रॉन. आमच्या प्लेटला खालच्या मर्यादेपासून ३० मायक्रॉनची जागा होती म्हणून पास म्हणायची हिंमत होते, ७९९.९६ आलं असतं तर मी सरळ एसी रूममध्ये नेऊन रात्रभर ठेवायला सांगितलं असतं, कॅल्क्युलेटर तिथे मदत करत नाही.

शेवटचं, मशीनच्या डीआरओवर किंवा सीएमएमवर मोजणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा तिथे तापमानाचं कॉम्पेन्सेशन चालू आहे का, आणि चालू असेल तर फक्त स्केलचं आहे की जॉबचं पण. त्याने आधीच केलेली दुरुस्ती तुम्ही परत केलीत की १३५ मायक्रॉनची चूक उलट्या बाजूला तयार. आणि रिपोर्टवर फक्त दुरुस्त आकडा लिहू नका, मूळ रीडिंग, स्केलचं तापमान, जॉबचं तापमान आणि धरलेले दोन्ही पसरणाचे आकडे लिहा, म्हणजे समोरच्याला वेगळं माप आलं तर नेमकं कुठे अडलं ते फोनवरच सापडतं.