ड्रेनेज कॅमेऱ्याच्या व्हिडिओवरून अंतर लिहिताना या चुका टाळा

व्हिडिओत तडा स्वच्छ दिसला, नोंदही झाली, तरी खड्डा भलतीकडेच खणला गेला, तर आधी अंतराच्या आकड्यावर संशय घ्या. रीलवरून किती केबल सुटली एवढंच पडद्यावरचा आकडा सांगतो. कॅमेरा पाइपमध्ये किती आत गेलाय, हे त्याला ठाऊक नसतं.

समजा, 300 मिमीची आरसीसी लाइन आहे. पाइपच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत टेपने 30 मीटर भरतात, पण कॅमेऱ्याची चाकांची गाडी, म्हणजे क्रॉलर, पलीकडे पोचला तेव्हा काउंटरवर 31.2 होते. तडा 18.4 वर नोंदवलाय. इथे सरसकट 1.2 वजा करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. व्हिडिओ मागे घ्या आणि सांधे कोणत्या आकड्यांवर आले ते लिहा. असे पाइप बहुधा 2.5 मीटर लांबीचे असतात. पहिला आणि शेवटचा पाइप कापून बसवलेला असू शकतो, म्हणून मधल्या सांध्यांमधलं अंतर बघा.

ते सगळीकडे 2.5 येत असेल, तर काउंटर बरोबर आहे आणि शून्य चुकलंय. कॅमेरा पाइपच्या तोंडाशी यायच्या आधीच शून्य केलं गेलं. मग तडा 17.2 वर. (केबल सैल असताना शून्य केलं, तर उलटं होतं आणि आकडा कमी येतो.) प्रत्येक सांधा 2.6 वर येत असेल, तर काउंटरचं चाक झिजलंय किंवा त्याचं माप चुकीचं भरलंय. तेव्हा 1.04 ने भागा, तडा 17.7 वर येईल. आणि फरक फक्त एकाच जागी, समजा 22 मीटरच्या पुढे, 3.7 झाला, तर तिथे जास्तीची केबल सुटून मॅनहोलच्या तळाशी पडून राहिली. अशा वेळी वजाबाकी फक्त त्यापुढच्या नोंदींतून करायची. 18.4 तसाच राहतो.

दुसरी चूक घाईची. तडा समोर दिसू लागताच आकडा टिपला जातो, पण तेव्हा लेन्स अजून मागे असते. क्रॉलर तिथवर नेऊन थांबवा, कॅमेऱ्याचं डोकं भिंतीकडे काटकोनात वळवा आणि मग लिहा. भिंतीवरचा पाण्याचा ओघळ तड्यासारखा दिसतो. थांबून पाहिलं की तो हलताना कळतो.

तड्याची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहिताना कॅमेरा कोणत्या मॅनहोलमधून निघाला, तेही लिहा. एका बाजूने जे 3 वाजता दिसतं, तेच दुसऱ्या बाजूने 9 वाजता दिसतं.

चोकअपची नोंद एका बाजूने पुरी होत नाही, कारण त्यामागचं काही दिसत नाही. दुसऱ्या मॅनहोलमधूनही कॅमेरा घाला. पहिल्या बाजूने 17.7 आणि दुसऱ्या बाजूने 11.8 आलं, तर 30 मीटरच्या लाइनमध्ये अडथळा अर्ध्या मीटरचा आहे. दोन्ही आकडे आधी वरच्या पद्धतीने दुरुस्त केलेले हवेत.