कॉन्फिडन्स इंटरव्हल फ्लिप्ड पद्धतीने शिकवताय? या चुका टाळा

स्टॅटिस्टिक्समधला कॉन्फिडन्स इंटरव्हल फ्लिप्ड पद्धतीने शिकवायला उत्तम. सूत्र एका ओळीचं, ते मुलं घरी व्हिडिओत बघू शकतात. गोंधळ सगळा त्याच्या अर्थाचा, आणि त्यासाठी वर्गात वाद घालायला वेळ हवा. तरीही हेच युनिट सर्रास फसतं, आणि दर वर्षी त्याच त्या कारणांनी.

व्हिडिओ न बघितलेल्यांसाठी वर्गात पुन्हा शिकवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. घटनाक्रम ठरलेला असतो. सर गेल्या वर्षीच्या लेक्चरचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतात. दुसऱ्या दिवशी विचारतात, “किती जणांनी बघितला?” साठातले वीसेक हात वर होतात, त्यातले काही संकोचाने. सर वैतागतात, पण “बरं, थोडक्यात सांगतो” म्हणून खडू उचलतात आणि अर्धा तास थोडक्यात सांगतात. गणितं राहतात. पुढच्या वेळी ज्यांनी बघितला होता तेही बघत नाहीत. त्यात आळस कसला? व्हिडिओत आहे तेच फळ्यावर येणार असेल, तर रात्री डेटा का जाळायचा? महिन्याभरात सर जाहीर करतात की आपल्या मुलांना ही पद्धत झेपत नाही. मुलांना ती पहिल्याच दिवशी कळलेली असते.

उपाय कठोर वाटेल, पण दुसरा नाही. वर्गात व्हिडिओ पुन्हा शिकवायचा नाही. न बघितलेल्यांनी मागच्या बाकांवर बसून इयरफोन लावून तो तिथेच बघायचा आणि मग आपल्या गटात यायचं. हे जमण्यासाठी व्हिडिओ सहा-सात मिनिटांचाच हवा. म्हणून या युनिटला दोन वेगळे व्हिडिओ करा. पहिल्यात फक्त स्टँडर्ड एरर: नमुना बदलला की सरासरी किती हलते. दुसऱ्यात त्यावरून इंटरव्हल. दोन्हींच्या मध्ये किमान एक तास वर्गात जाऊ द्या. दोन्ही एकाच रात्री दिले, तर स्टँडर्ड एरर ही कल्पना न राहता सूत्रातली एक संख्या होऊन बसते. ज्यांच्याकडे डेटा नाही त्यांच्यासाठी एका पानाची झेरॉक्स ठेवा.

जुन्या लेक्चरचं रेकॉर्डिंग कापून व्हिडिओ करू नका. हजेरी आणि “मागच्या बाकावर काय चाललंय” यासकट ते कोणी बघत नाही.

निदान न करणारी क्विझ

“९५ टक्क्यांसाठी z ची किंमत किती?” हा प्रश्न विचारून काहीच कळत नाही. व्हिडिओ पुढे ढकलत बघितला तरी १.९६ सापडतं. चुकीचा प्रत्येक पर्याय एका ठरावीक गैरसमजाकडे बोट दाखवील असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: नमुना २५ वरून १०० केला, तर इंटरव्हलची रुंदी किती होईल? पर्याय: निम्मी, एक चतुर्थांश, तेवढीच, दुप्पट. निम्मी हे बरोबर. एक चतुर्थांश म्हणणारा वर्गमूळ विसरलाय. तेवढीच म्हणणाऱ्याला रुंदी फक्त ९५ या आकड्यावर ठरते असं वाटतंय. दुप्पट म्हणणाऱ्याने नमुना मोठा म्हणजे इंटरव्हल मोठा असं धरलंय; त्याला पहिलाच व्हिडिओ पुन्हा बघायला लावा.

असे दोन प्रश्न पुरेत. तिसरा मोकळा ठेवा: “काय कळलं नाही, एका वाक्यात लिहा.” गूगल फॉर्म आदल्या रात्री आठला बंद करा, म्हणजे उत्तरं बघायला वेळ मिळतो. तासाच्या तोंडावर बंद होणारी क्विझ नुसती हजेरी असते.

तासाची सुरुवात या उत्तरांवरून ठरवा. सत्तर टक्क्यांहून जास्त मुलांचं बरोबर असेल तर त्या प्रश्नावर थांबू नका. तीस ते सत्तरच्या मध्ये असेल तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा हात वर करायला सांगा. हार्वर्डच्या एरिक माझुर यांची ही पद्धत इथे चपखल बसते. तीसच्या खाली असेल तर चर्चा नको, कारण बहुतेक जोड्यांमध्ये दोघंही चुकलेले असतात. तिथे फळ्यावर पाच मिनिटं द्या. पुन्हा शिकवायला एवढीच परवानगी.

बरोबर उत्तराला गुण देऊ नका, वेळेत भरल्याला द्या. नाहीतर उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मोकळ्या प्रश्नातही तेच वाक्य त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह दहा जणांकडून आलं, की समजून घ्या.

वर्गात पुस्तकातलीच गणितं देणे

किमती भरा, उत्तर काढा, हे घरी होऊ शकतं. वर्गात इंटरव्हल चुकताना दिसला पाहिजे. प्रत्येक विद्यार्थी मोबाइलवर शीट उघडून A1 ते A25 मध्ये पहिलं सूत्र भरतो आणि B1 मध्ये दुसरं:

```
=NORM.INV(RAND(),50,10)
=AVERAGE(A1:A25)
```

समष्टीची सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. म्हणून स्टँडर्ड एरर १० भागिले ५, म्हणजे २, आणि इंटरव्हल नमुन्याच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना ३.९२. प्रत्येकाने आपला इंटरव्हल फळ्यावर आडव्या रेघेने काढायचा. ५० वर उभी रेघ आधीच आखून ठेवा.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, शीटमध्ये काहीही टाइप केलं की RAND नव्याने चालतं आणि सरासरी बदलते. “सर, माझं उत्तर हलतंय” अशी ओरड सुरू होते. सरासरी आली की लगेच वहीत उतरवायला सांगा, किंवा कॉपी करून फक्त किंमत म्हणून पेस्ट करायला लावा.

दुसरं जास्त नडतं. वेळ वाचवायला साठ मुलांचे वीस गट करून प्रत्येक गटाकडून एकच इंटरव्हल घेतात. वीसच्या वीस इंटरव्हलमध्ये ५० सापडण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. तीनातल्या एका वर्गात एकही इंटरव्हल चुकत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. साठ इंटरव्हल घेतले तर ही शक्यता पाच टक्क्यांच्या आत येते आणि सरासरी तीन तरी चुकतात. गटच करायचे असतील तर प्रत्येकाकडून तीन घ्या. शीटऐवजी डब्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढत असाल तर प्रत्येक चिठ्ठी परत डब्यात टाका. शंभरातल्या पंचवीस एकदम काढल्या तर स्टँडर्ड एरर २ ऐवजी १.७४ च्या आसपास येतो आणि इंटरव्हल चुकायचे कमी होतात.

फळा भरला की चुकलेल्या रेघेच्या मालकाला उभं करा आणि विचारा: “तुझ्या इंटरव्हलमध्ये ५० असण्याची शक्यता किती?” तो ९५ टक्के म्हणतो आणि वर्ग हसतो. ५० तर बाहेर दिसतंय! ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे, हातातल्या एका इंटरव्हलचा नाही, हे इथे उलगडतं. या प्रश्नाला दहा मिनिटं राखून ठेवा, घाई करू नका.

बाकीच्या

त्याच तासाला t-वितरण घुसवणे: २५ च्या नमुन्याला १.९६ च्या जागी २.०६४ येतं, पण ते का येतं हा पुढच्या तासाचा विषय. सगळं युनिट एकदम फ्लिप करणे: आधी हे दोन तास करून बघा. शेवटची पाच मिनिटं न राखणे: रुंदीचाच प्रश्न वेगळे आकडे घालून, नमुना ३६ वरून १४४, कागदावर विचारा. आदल्या रात्रीच्या फॉर्मशी ताडून बघितलं की ‘एक चतुर्थांश’वाले किती उरले ते कळतं, आणि पुढचा व्हिडिओ त्यानंतरच पाठवा.