निबंध सांधताना ‘मोरओव्हर’ सगळ्यात शेवटी

कॉलेजच्या मुलाचा इंग्रजी निबंध तुटक वाटला, की आपला हात आधी ‘मोरओव्हर’, ‘हाउएव्हर’कडे जातो. तो आवरा. बहुतेक वेळा एक वाक्य ज्या गोष्टीवर संपलं, ती पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला आलेली नसते, म्हणून ते तुटक वाटतं, एवढंच.

समजा, मुलीनं लिहिलंय: ‘अवर व्हिलेज गेट्स अ टँकर ट्वाइस अ वीक. माय ग्रँडमदर डिसाइड्स हू स्टँड्स इन द क्यू. हाफ द डे गेट्स ईटन.’ दुसऱ्या वाक्याआधी फक्त ‘व्हेन इट कम्स’ जोडा आणि तिसरं ‘दॅट क्यू ईट्स हाफ द डे’ असं फिरवा. टँकर, रांग, दिवस अशी साखळी आपोआप लागते. ‘ईट्स’च्या जागी ‘कन्झ्यूम्स’ मात्र घालू नका. दिवस खाणारी रांग तिची आहे, आणि आखूड वाक्यंही तिचीच.

परिच्छेदांसाठी समासात प्रत्येकाचा मुद्दा मराठीत एका ओळीत लिहा. ‘आणि शिवाय’ लिहावं लागलं, तर तिथे दोन परिच्छेद कोंबलेत. मग नुसत्या त्या ओळी वाचा. क्रम उलटसुलट असेल तर लगेच कळतं. आधी क्रम लावा, जोडशब्द नंतर. खरा विरोध असेल तिथे ‘हाउएव्हर’ हवंच, साधं ‘बट’ही चालतं.

शेवटी निबंध तिलाच मोठ्यानं वाचायला लावा. ती जिथे अडखळेल, तिथलं वाक्य बहुधा तुमचं असतं. ते काढा आणि तिलाच पुन्हा लिहू द्या.