दुसऱ्याच्या नावावरचं डोमेन विकत घेताना

माझ्या छोट्या सॉफ्टवेअरचं नाव ठरलं तेव्हा मी त्याचं .net घेतलं, कारण .com 2009 पासून कुणाच्या तरी नावावर होतं. ब्राउझरमध्ये टाकलं की कोरं पान यायचं. दोन वर्षांनी ते .com मी विकत घेतलं. घासाघीस दोन आठवड्यांत आटोपली, पण समोरचा माणूस खरंच मालक आहे का याची खात्री करण्यात त्याहून बराच जास्त वेळ गेला. पहिल्यांदाच असा व्यवहार करणाऱ्यांसाठी ते सविस्तर लिहिते. खरं नाव देत नाही, example.com धरून चाला.

सुरुवात lookup.icann.org वरून करा, तिथे डोमेनचं नाव टाकलं की त्याची नोंदणीची माहिती दिसते. पूर्वी अशा नोंदीत मालकाचं नाव आणि ईमेल सरळ दिसायचा. 2018 मध्ये युरोपचा गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून तो भाग बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. तरी रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कोण, नोंदणी कधीची, मुदत कधी संपते, नोंदीत शेवटचा बदल कधी झाला आणि नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठे जातं ते सांगणारे सर्व्हर, कोणते, एवढं कळतं. यातला नेमसर्व्हर नीट बघा. तो Sedo किंवा Afternic अशा डोमेन-बाजाराचा असेल तर मालक विकायलाच बसलेला आहे, किंमत तिथेच मिळेल. माझ्या बाबतीत साधा होस्टिंगवाला नेमसर्व्हर होता. म्हणजे डोमेन कुणीतरी स्वतःसाठी ठेवलं होतं.

मुदत संपेपर्यंत वाट बघावी, असा सल्ला मलाही मिळाला होता. त्यावर विसंबू नका. मुदत उलटल्यावरही मालकाला नूतनीकरणासाठी सहसा काही आठवडे मिळतात, त्यानंतर 30 दिवस जास्त पैसे भरून सोडवून घेता येतं, आणि चांगली नावं मोकळी होण्याआधीच लिलावात जातात.

रजिस्ट्रारकडे मालकापर्यंत निरोप पोहोचवणारा फॉर्म किंवा झाकलेला ईमेल असतो. तिथून मी लिहिलं, उत्तर आलं नाही. मग web.archive.org वर जुनी पानं चाळली. 2011 ते 2016 या काळात तिथे एका छायाचित्रकाराची साइट होती. पानावरचा फोन बंद होता, पण त्यांचं नाव मिळालं आणि नावावरून त्यांची आताची साइट सापडली. तिथे चार ओळी लिहून ठेवल्या.

त्यांचं उत्तर यायच्या आत दुसऱ्याच कुणाचा ईमेल आला. ‘तुमच्याकडे .net आहे, .com माझ्याकडे आहे, 400 डॉलरला देतो, दुसरा ग्राहक तयार आहे, दोन दिवसांत कळवा.’ किंमत ऐकून मन हललं, हे कबूल करते. पण मालकी तपासायची एक सोपी रीत आहे. ज्याच्या हातात डोमेन आहे तो त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये, एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे हवा तो मजकूर, घालू शकतो, बाहेरच्याला ते जमत नाही. म्हणून मी त्याला एक शब्द दिला आणि तो रेकॉर्डमध्ये घालायला सांगितलं. रेकॉर्ड घातला असता तर असं दिसलं असतं:

```
$ dig +short TXT example.com
"kharedi-7391"
```

(विंडोजवर `nslookup -type=TXT example.com`.) त्याने शब्द काही घातला नाही, उलट ‘मालकीचं प्रमाणपत्र’ म्हणून एक पीडीएफ पाठवली. असं प्रमाणपत्र कुणीही घरी बसून बनवू शकतो. त्याच नावाची दुसरी एक्स्टेन्शन ज्यांच्याकडे आहेत त्यांना हेरून ही मंडळी लिहितात. डोमेन त्यांच्या हातात नसतंच. कधी ते मोकळं होणार असतं आणि तुमचे पैसे घेऊन मग ते पकडायचा त्यांचा बेत असतो.

नऊ दिवसांनी छायाचित्रकारांचं उत्तर आलं. त्यांनी तासाभरात शब्द घातला. पण इथे थांबू नका, कारण टीएक्सटी रेकॉर्डवरून फक्त ताबा सिद्ध होतो. कुणाचं खातं फोडून डोमेन चोरलेल्यालाही तो रेकॉर्ड घालता येतो, आणि चोरीचं डोमेन नंतर मूळ मालकाकडे परत गेलं तर तुमचं डोमेनही जातं आणि पैसेही. म्हणून मी आणखी तीन गोष्टी जुळवून पाहिल्या. नोंदीतल्या शेवटच्या बदलाची तारीख नेहमीच्या नूतनीकरणाशी जुळत होती, अलीकडे रजिस्ट्रार बदललेला नव्हता. आर्काइव्हमधलं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव एकच होतं. आणि त्यांच्या आताच्या साइटवरच्या क्रमांकावर मी स्वतः फोन केला. ईमेलमध्ये आलेल्या क्रमांकावर मुद्दाम केला नाही. महिनाभरापूर्वीच रजिस्ट्रार बदललाय, किंमत फारच कमी आहे आणि विकणाऱ्याला घाई आहे, असं एकत्र दिसलं तर मी तिथूनच मागे फिरेन.

बोलणी डॉलरमध्ये झाली. मी 500 म्हटलं, त्यांनी 3000. आम्ही 1200 आणि 2000 वर येऊन अडकलो. तेव्हा मी आकडा बाजूला ठेवून विचारलं, ‘तुम्ही हे डोमेन अजून का ठेवलंय?’ त्यांचा जुना ईमेल पत्ता त्याच डोमेनवर होता आणि जुने ग्राहक अधूनमधून त्यावर लिहायचे. त्या पत्त्यावर येणारी पत्रं वर्षभर तुमच्याकडे वळती करते, असं मी लिहून दिलं. 1400 वर सौदा ठरला. नवख्यांना हेच सांगेन की मधे गाडं अडलं तर रक्कम वाढवण्याआधी समोरच्याची अडचण काय आहे ते विचारा.

पण या ईमेलच्या सोयीत एक धोका आहे, आणि तो मी त्यांना स्वतःहून सांगितला. डोमेन माझं झालं की त्या पत्त्यावर येणारी ‘पासवर्ड बदला’ची पत्रंही माझ्या हातात येणार. म्हणून आधी बँक आणि बाकीच्या सगळ्या खात्यांवरचा पत्ता बदला, मगच डोमेन द्या, असं म्हटलं. रजिस्ट्रारच्या खात्यालाही तोच पत्ता होता. ते सगळं बदलायला त्यांना एक आठवडा लागला.

पैसे एस्क्रोमार्फत, म्हणजे मधे रक्कम सांभाळणाऱ्या तिऱ्हाईत कंपनीमार्फत दिले. ग्राहक रक्कम एस्क्रोकडे भरतो, विकणारा डोमेन देतो, ग्राहक मिळाल्याचं कळवतो, मग रक्कम विकणाऱ्याला जाते. यातली मोठी फसवणूक खोट्या एस्क्रो साइटची असते. विकणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. Escrow.com सारखं नाव स्वतः टाइप करून व्यवहार स्वतः उघडा. शुल्क कोण भरणार हेही आधीच ठरवा. आम्ही निम्मं-निम्मं भरलं.

हस्तांतराच्या दोन रीती आहेत. रजिस्ट्रार बदलायचा तर विकणारा clientTransferProhibited हे कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा गुप्त कोड देतो, आणि नवीन रजिस्ट्रारकडे डोमेन पोहोचायला पाच-सात दिवस लागू शकतात. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात सरळ ढकलता येतं. मी त्यांच्या रजिस्ट्रारकडे खातं उघडलं आणि अर्ध्या तासात काम झालं. अशा बदलानंतर बऱ्याच ठिकाणी 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, ती मुदत मात्र हिशोबात धरा.

‘मिळालं’ हे बटण लगेच दाबू नका. नेमसर्व्हर तुमचे लागले किंवा जुन्या खात्याचा पासवर्ड मिळाला, एवढ्यावर डोमेन तुमचं होत नाही. ते तुमच्या खात्याच्या यादीत दिसलं पाहिजे, संपर्काच्या नोंदीत तुमचं नाव आणि ईमेल लागला पाहिजे, आणि तुम्ही लावलेलं कुलूप बाहेरून lookup.icann.org वरही दिसलं पाहिजे. मी हे तिन्ही बघून, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करून मगच बटण दाबलं.

वर्षभरात त्या जुन्या पत्त्यावर 31 पत्रं आली, शेवटच्या चार महिन्यांत एकही नाही. मुदत संपायच्या आठवडाभर आधी त्यांना कळवलं, त्यांनी ‘चालेल’ म्हटलं, आणि पत्रं वळवणारा नियम मी काढून टाकला.