एलपीपीच्या वह्या तपासायला बसण्याआधी

पट्टी, पेन्सिल, लाल पेन जवळ असतंच. एक कोरा कागद मात्र मुद्दाम घ्या आणि एलपीपीचं, म्हणजे दिलेल्या अटींत राहून कमाल किंवा किमान किंमत काढायचं, गणित आधी स्वतः सोडवून सगळ्या अटी पाळणाऱ्या प्रदेशाच्या कोपऱ्यांची यादी त्यावर लिहा. गेल्या खेपेला सुबक आकृत्या पाहून मी बरोबरच्या खुणा करत सुटलो आणि कोपरे अटींत घालून पाहायचं राहिलं. म्हणून या यादीतलं बाकी काही विसरलात तरी चालेल, कोपरे अटींत घालायला विसरू नका.

बारावीला नेहमी दिसणाऱ्या साच्याचं एक गणित घेऊ. z = 4x + 5y ची कमाल किंमत काढायची आहे. अटी x + y ≤ 12, 3x + y ≤ 30, 2x − y ≥ 0, आणि x, y ऋण नाहीत. पहिल्या दोन रेषांत सहसा कोणी चुकत नाही. (0, 0) घालून पाहतात, अट पाळली जाते, आरंभबिंदूकडची बाजू घेतात. त्यावर वेळ घालवू नका.

घोळ तिसऱ्या रेषेत होतो. ती आरंभबिंदूतूनच जाते, त्यामुळे (0, 0) घालून काहीच कळत नाही: शून्य मोठं-किंवा-समान शून्य, हे दोन्ही बाजूंना सारखंच खरं. मग मुलं ≥ चिन्ह बघून ‘मोठं म्हणजे वरची बाजू’ असं ठरवतात. इथे y च्या आधी उणे आहे, म्हणून बाजू खालची. रेषेवर नसलेला कुठलाही बिंदू घ्या, (1, 0) सोपा: 2 − 0 ≥ 0, अट पाळली गेली, म्हणजे त्या बाजूचाच भाग हवा. वहीत रेषेची बाजू कशी ठरवली ते लिहिलेलं नसेल तर आकृतीकडे संशयानेच बघा.

आता कोपरे. बरोबर आकृतीत चारच निघतात: (0, 0), (10, 0), (9, 3) आणि (4, 8). z अनुक्रमे 0, 40, 51, 56. उत्तर 56. पण रेषेची वरची बाजू घेतलेल्या वहीत (0, 0), (4, 8), (0, 12) असा त्रिकोण दिसेल आणि (0, 12) ला z येईल 60. आकडा मोठा, आकृती नीटनेटकी, आणि आपल्या दहा-बारा वह्या तपासून झालेल्या. टिक करायचा मोह होतो. थांबा. (0, 12) अटींत घाला: 2·0 − 12 म्हणजे −12, शून्याहून लहान. बिंदू बाद.

सगळ्या अटींत घाला, हे पुन्हा सांगतो, कारण अर्धी तपासणी इथेच फसते. कोपरा ज्या दोन रेषांचा छेद आहे, त्या दोन अटी तो पाळणारच; त्या तपासून काहीच मिळत नाही. खरी परीक्षा उरलेल्या अटींची. कोणी 3x + y = 30 आणि 2x − y = 0 सोडवून (6, 12) आणतो, समीकरणं अगदी बरोबर सोडवलेली असतात, z येतो 84. पण 6 + 12 = 18, आणि मर्यादा 12 ची! तसंच (12, 0): 3·12 = 36, तीसच्या वर. रेषा जिथे जिथे छेदतात ती प्रत्येक जागा कोपरा नसते, हे मुलांना सांगूनही पटत नाही.

अटींत घातल्याने फक्त खोटा कोपरा पकडला जातो, राहून गेलेला नाही. त्यासाठी कडेने एक फेरी मारा: शेजारच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी बाजू एखाद्या रेषेवरच यायला हवी. (9, 3) विसरून कोणी (10, 0) वरून थेट (4, 8) ला गेला, तर ती बाजू दिलेल्या कुठल्याच रेषेवर बसत नाही.

छेदबिंदू आलेखावरून वाचलेला चालत नाही, समीकरणं सोडवूनच हवा. छायांकन नको त्या भागाला केलंय की हव्या, ते आधी बघा. दोन्ही पद्धती चालतात, मिसळलेली नाही. z = x + y असता तर (4, 8) आणि (9, 3) दोन्हीकडे 12, मग मधला सगळा रेषाखंड उत्तर. प्रदेश उघडा असेल तर किमान-कमाल आहे का हे वेगळं तपासायचं. आणि कोपरे, सगळ्या अटींत. घातलेत ना?