डायरीतल्या वेळा कॅलेंडरमध्ये चढवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दवाखान्यांत भेटींची डायरी बहुधा जुने कंपाउंडर लिहितात, आणि ती मोबाईलवर चढवायचं काम घरातल्या कॉलेजवाल्या पोरावर येतं. पोरगं एका बैठकीत महिना उरकायला बघतं, आणि घोळ तिथेच होतो.

पहिला घोळ उभ्या रेघांचा. जुनी माणसं 5। म्हणजे सव्वापाच, 5।। म्हणजे साडेपाच आणि 4।।। म्हणजे पावणेपाच लिहितात. नवख्याला 5।। हे 5:11 दिसतं. भेटींच्या वेळा पावतासाच्या टप्प्यानेच असतात, त्यामुळे यादीत 11 मिनिटं दिसली की ती रेघच समजा. शंका असेल तर लिहिणाऱ्यालाच विचारा, अंदाज नको. देवनागरी १ आणि ९ सुद्धा घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात.

दुसरा घोळ याहून वाईट, कारण तो निमूट होतो. एका दातांच्या दवाखान्यात मार्चच्या भेटी 5/3 अशाच टाइप करून सीएसव्ही फाईल गूगल कॅलेंडरमध्ये घातली. तिथे आधी महिना, मग दिवस वाचला गेला. 5 मार्च 2026, गुरुवारची रूट कॅनालची भेट 3 मेला गेली, आणि तो रविवार! 4/3 ची 3 एप्रिलला, 6/3 ची 3 जूनला. दर महिन्याच्या 3 तारखेला एकेक भेट दिसली, तर हाच रोग. बरोबर ओळ अशी:

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time
रूट कॅनाल,03/05/2026,5:30 PM,03/05/2026,6:00 PM
```

PM लिहायचं राहून गेलं तर पहाटे साडेपाचची भेट होते. शीटमध्ये तारखेचा रकाना टाइप करायच्या आधीच साधा मजकूर करून ठेवा, नाहीतर शीट स्वतःच तारखा फिरवते. मग डायरीतला वार कॅलेंडरच्या वाराशी ताडा. 30 मार्च ते 5 एप्रिलसारख्या पानावर तर नक्कीच, कारण बुधवारपासून महिना बदलतो आणि टाइप करणारा मार्चच रेटतो.

नावात स्वल्पविराम असेल तर सगळी ओळ अवतरणचिन्हांशिवाय एक रकाना सरकते. मराठी अक्षरं चौकोन झाली, तर फाईल UTF-8 मध्ये साठवा.

आठवणीसाठी या फाईलमध्ये रकानाच नाही. नवं वेगळं कॅलेंडर काढा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ठरलेली सूचना लावा: एक दिवस आधी एक, अर्धा तास आधी एक. चंदगडहून एसटीने येणाऱ्या पेशंटला आदल्या दिवशीच फोन करायचा असतो, अर्ध्या तासाची सूचना फक्त डॉक्टरांच्या कामाची. वेळ न लिहिलेली नोंद दिवसभराची होते, तिची सूचना वेगळी लावावी लागते.

आयात संगणकावरच, Settings मधल्या Import & export मधून. आधी पाचच ओळी घाला. घोळ झाला तर वेगळं कॅलेंडर सरळ पुसता येतं. घरच्या कॅलेंडरमध्ये ओतलं आणि दुसऱ्यांदा आयात केलं, तर प्रत्येक भेट दोनदा दिसते आणि एकेक निवडून काढत बसावं लागतं.